हयातीचा दाखला : खरे संकेतस्थळ कसे ओळखाल?

निवृत्तिवेतन सुरू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो ऑनलाइन देण्याची केंद्र सरकारची सेवा म्हणजे ‘जीवन प्रमाण’. ती 10 नोव्हेंबर 2014 रोजी सुरू झाली. तिचा अधिकृत पत्ता jeevanpramaan.gov.in असा आहे. दाखला तयार करण्यासाठी या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर शुल्क नाही.

शोधताना चूक कुठे होते?

‘जीवन प्रमाण’ असे शोधल्यावर सर्वात वर दिसणारी ओळ अनेकदा जाहिरात असते. तिच्यावर ‘प्रायोजित’ किंवा ‘Sponsored’ असे लिहिलेले असते. तिरंगा किंवा राजमुद्रा कोणीही आपल्या पानावर लावू शकतो, त्यामुळे चित्रे न पाहता पत्ता वाचा. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेआधीचा भाग .gov.in ने संपला पाहिजे. हा शेवट फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो.

उदाहरणार्थ, हे दोन कल्पित पत्ते पाहा:

```
jeevanpramaan.gov.in.pension-seva.com
jeevanpramaan-gov.in
```

पहिल्यात gov.in आहे, पण पत्ता संपतो .com ने. दुसऱ्यात gov च्या आधी टिंब नसून आडवी रेघ आहे. दोन्ही सरकारी नाहीत. म्हणून शोधत बसण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करणे चांगले.

मुदत कोणाला कोणती?

‘30 नोव्हेंबरच्या आत दाखला द्या, नाहीतर पेन्शन बंद’ असे संदेश दरवर्षी सगळ्यांनाच येतात. ही मुदत मात्र सगळ्यांना लागू नाही.

केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी नोव्हेंबरमध्ये दाखला देतात. त्यांच्यापैकी 80 वर्षे पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. राज्य सरकारचे निवृत्तिवेतन कोषागारामार्फत मिळते. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये आपल्या बँकेत आलेल्या यादीवर सही करण्याची पद्धत आहे.

वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतून निवृत्त झालेल्या ज्या कामगारांना भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून म्हणजे ईपीएफओकडून ‘ईपीएस-95’चे निवृत्तिवेतन मिळते, त्यांचा नियम वेगळा आहे. त्यांना दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि तो दिल्यापासून 12 महिने चालतो.

एक उदाहरण

समजा, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी 12 मार्चला दाखला दिला. तो पुढच्या मार्चपर्यंत चालेल. नोव्हेंबरमध्ये ‘आजच 299 रुपये भरा’ असा संदेश आला, तरी त्यांना काहीच करायचे नाही.

मार्च जवळ आल्यावर त्यांनी आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाइल जवळ ठेवावा. फोनमध्ये प्ले स्टोअरवरून आधी AadhaarFaceRD आणि मग ‘जीवन प्रमाण’चे अ‍ॅप घ्यावे. अ‍ॅप प्रथम फोन हाताळणाऱ्याची नोंद करते. हे काम मुलगा किंवा सून करू शकते. त्यानंतर काकांची माहिती भरून त्यांचा चेहरा टिपायचा. चेहऱ्यावर पुरेसा उजेड हवा.

निवृत्तिवेतन कोण मंजूर करते आणि कोण देते, हे रकाने नीट भरा. काकांच्या बाबतीत ईपीएफओ निवडायचे. पैसे खात्यात येतात म्हणून अनेकजण तिथे बँक निवडतात आणि दाखला नाकारला जातो. जुन्या पीपीओवर ‘औरंगाबाद’ असेल, तर कार्यालयाच्या यादीत जुने आणि नवे, दोन्ही नावे पाहा. दोन निवृत्तिवेतने असतील, तर प्रत्येकासाठी वेगळा दाखला द्यावा लागतो.

शेवटी ‘प्रमाण आयडी’ मिळतो. तो लिहून ठेवा. मात्र आयडी मिळाला म्हणजे दाखला स्वीकारला गेला असे नाही. काही दिवसांनी त्याची स्थिती तपासा.

ओटीपीचे काय?

नोंदणीसाठी अ‍ॅप ओटीपी मागते. तो स्वतः अ‍ॅपमध्येच टाकायचा. फोनवर कोणी ओटीपी विचारला, एटीएमचा पिन मागितला किंवा दुसरे एखादे अ‍ॅप घ्यायला सांगितले, तर फोन ठेवून द्या.

ऑनलाइन जमत नसेल तर

ईपीएस-95चे निवृत्तिवेतनधारक आपल्या बँकेत किंवा ईपीएफओच्या शहरातील प्रादेशिक कार्यालयात जाऊ शकतात. घराबाहेर पडता येत नसेल, तर पोस्टमनमार्फत घरी दाखला काढून देण्याची सेवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेकडे आहे. सामान्य सेवा केंद्रातही दाखला निघतो. तिथे सेवेचे पैसे द्यावे लागले तर पावती घ्या.

दाखला उशिरा दिल्यामुळे ईपीएस-95चे निवृत्तिवेतन थांबले, तर दाखला दिल्यावर ते थकबाकीसह पुन्हा सुरू होते. त्यामुळे घाईत कोणाला पैसे देऊ नका. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. फक्त आधार किंवा खाते क्रमांक गेला असेल, तरीही बँकेला सांगा आणि आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. पुढचा दाखला देण्याआधी ते तात्पुरते उघडावे लागेल.