‘शनिवारी पाणी येणार नाही’ : या सूचनेत नेमकं काय असायला हवं?

“दुरुस्तीच्या कामामुळे शनिवारी पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.” मोबाईलवर असा दोन ओळींचा मेसेज येतो आणि लगेच प्रश्न सुरू होतात. पाणी कधीपर्यंत बंद? आमच्या गल्लीतही? मग आमची पाळी कधी?

नाशिक शहरात अशी सूचना महापालिका काढते. निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या गावात हे काम ग्रामपंचायतीचं असतं. सूचना कुणीही काढली, तरी लोकांना लागणारी माहिती तीच असते.

काम संपलं म्हणजे नळाला पाणी आलं का?

नाही. सूचनेत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

एक उदाहरण घेऊ. गावाची उंच टाकी १ लाख लिटरची आहे आणि पंप तासाला २० हजार लिटर पाणी चढवतो. मुख्य जलवाहिनीची गळती संध्याकाळी ५ वाजता दुरुस्त झाली. रिकामी टाकी भरायला तिथून पुढे ५ तास लागतील, म्हणजे रात्रीचे १० वाजतील. त्याआधी पाइपमधली माती धुऊन काढावी लागते. पाण्यात टीसीएल पावडर मिसळल्यावर किमान अर्धा तास थांबावं लागतं. मध्ये वीज गेली तर वेळ आणखी लांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी घरं एकदम पाणी भरू लागतात. त्यामुळे उंचावरच्या आणि लाईनच्या शेवटच्या घरांना पाणी उशिरा आणि बारीक धारेनं मिळतं. महापालिकांच्या सूचनेत ‘दुसऱ्या दिवशी कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य येतं ते यासाठी. म्हणून सूचनेत दोन वेळा वेगवेगळ्या द्याव्यात : काम कधी संपेल आणि नळाला पाणी कधी येईल.

पाळीचं काय?

दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा प्रश्न मोठा असतो. ज्या भागाला गुरुवारी पाणी आलं, त्याची पुढची पाळी शनिवारी. शनिवारी पुरवठा बंद राहिला आणि पाळी एक दिवस पुढे ढकलली, तर पाणी रविवारी मिळेल. पण ती पाळी रद्दच केली, तर थेट सोमवारी. म्हणजे गुरुवारचं पाणी ४ दिवस पुरवावं लागेल.

‘जलजीवन मिशन’चं प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. त्या हिशेबानं पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर लागतात. ‘पाणी साठवून ठेवा’ एवढं सांगून भागत नाही, किती दिवसांचं साठवायचं तेही सांगावं लागतं. शिवाय सूचना शनिवारच्या आदल्या दिवशी आली, तर या भागाला साठवायला पाणीच उरत नाही. ती गुरुवारच्या पाळीआधी, म्हणजे बुधवारपर्यंत यायला हवी.

सूचनेचा नमुना

यातले दिवस, वेळा आणि भाग उदाहरणादाखल आहेत.

> पाणीपुरवठा बंद राहण्याबाबत सूचना
>
> सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीची गळती दुरुस्त करण्यासाठी शनिवार, दि. १४ मार्च रोजी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत काम होणार आहे. त्यामुळे शनिवारी संपूर्ण गावात पाणी येणार नाही.
>
> शनिवारची पाळी : रविवारी सकाळी ७ वाजता, कमी दाबाने.
> रविवारची पाळी : सोमवारी सकाळी ७ वाजता. पुढील पाळ्याही एक दिवस पुढे जातील.
>
> कृपया एक दिवसाचे जादा पाणी भरून ठेवावे. सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी वापरू नये. नळाला थेट मोटार लावू नये.
>
> कामास उशीर झाल्यास शनिवारी रात्री ८ पर्यंत कळविण्यात येईल. अडचण असल्यास पाणीपुरवठा कर्मचारी (नाव व मोबाईल क्रमांक) यांच्याशी संपर्क साधावा. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
>
> ग्रामपंचायत अधिकारी / सरपंच (सही, शिक्का, दिनांक)

गढूळ पाण्याची ओळ कशासाठी?

पाइप रिकामा झाला की आतला दाब जातो. जिथे बारीक गळती असते, तिथून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून पहिलं पाणी सांडायला-धुवायला वापरावं आणि स्वच्छ धार आल्यावरच पिण्याचं पाणी भरावं. शंका वाटली तर ते उकळून घ्यावं. नळाला लावलेली मोटारही अशीच ओढ निर्माण करते आणि शेजाऱ्याचा दाब कमी करते.

मात्र स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असेलच असं नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर पाणी उकळूनच प्यावं आणि ग्रामपंचायतीला कळवावं. दुरुस्तीनंतर ही टेस्ट टाकीजवळच्या नळावर करून थांबू नये, लाईनच्या शेवटच्या घरातही करायला सांगावं.