ह्यूमची कारणव्याख्या : पदशः भाष्य

डेव्हिड ह्यूमच्या मानवी आकलनावरील १७४८ च्या ग्रंथात सातव्या प्रकरणाच्या अखेरीस कारणाची व्याख्या येते. तिची पदे आपल्या शब्दांत मांडून क्रमाने पाहू.

पद पहिले : एका वस्तूमागून दुसरी येते.
म्हणजे पौर्वापर्य. बिलियर्डच्या मेजावर पांढरा चेंडू तांबड्याला भिडतो, तांबडा सरकतो. डोळ्यांना दिसते ते एवढेच. ढकलणारी शक्ती दिसत नाही.

पद दुसरे : पहिलीसारख्या सर्व वस्तूंमागून दुसरीसारख्या वस्तू येतात.
याचा अर्थ नियत साहचर्य. ‘सर्व’ हे पद इथे निर्णायक आहे. एका धडकेवरून कारण ठरत नाही. पण शंभराव्या धडकेत पहिलीहून वेगळे काय दिसले? चेंडूंत काहीच नाही. मग हे पद का हवे? इथे थांब, कारण सारा ग्रंथार्थ या प्रश्नात आहे. पुनरावृत्तीने वस्तूंत भर पडत नाही, पाहणाऱ्यात पडते. पांढरा चेंडू निघताच मन तांबड्याकडे धावू लागते. ‘सरकलाच पाहिजे’ यातली अनिवार्यता म्हणजे ही सवयीची ओढ. आपण ती चेंडूंवर लादतो. म्हणूनच ह्यूम लगेच दुसरी व्याख्या देतो : जिच्या दर्शनाने मन नेहमी दुसरीकडे जाते, ती वस्तू कारण.

पद तिसरे : पहिली नसती, तर दुसरी झालीच नसती.
ह्यूम हे पद आधीच्याच अर्थाचे म्हणून जोडतो. ते मला पटत नाही. टॉमस रीडचा आक्षेप घे : रात्रीमागून दिवस नियमाने येतो, पण रात्र दिवसाचे कारण नव्हे. दुसऱ्या पदाने रात्र कारण ठरते. तिसऱ्याने ठरत नाही, कारण सूर्य सदैव डोक्यावर असता, तर रात्रीविनाही दिवस असता. म्हणजे दोन पदांचे अर्थ भिन्न आहेत. डेव्हिड लुईसने १९७३ मध्ये या तिसऱ्या पदाच्या धर्तीवर स्वतंत्र कारणमीमांसा उभारली.

व्याख्येत न उच्चारलेले.
साहचर्य आजवरचे आहे, ‘सर्व’ मात्र उद्यालाही व्यापते. पुढची धडकही तशीच होईल, हे कशावरून? तांबडा जागीच राहिला, असे कल्पिण्यात विसंगती नाही, म्हणून तर्क ते सिद्ध करू शकत नाही. ‘आजवर झाले’ हा पुरावा द्यावा, तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते. लोकसमजुतीचा पाया हलतो तो इथे. तिला वाटते की कारण कार्याला बांधून ठेवते. व्याख्या मात्र तो बांध दाखवत नाही. याचा अर्थ कारणे नाहीत, असा घेऊ नकोस. ह्यूम ती नाकारत नाही. अपेक्षेला सवयीपलीकडचा आधार आहे, एवढेच तो नाकारतो.