नवरा आणि वानर

मंडळी, तीन शब्द घ्या : रकम, मकर, कमर. अक्षरं तीच, क्रम वेगळा. आता मोठ्या शब्दकोशातून असे सगळे गट शोधायचे असतील तर?

१९८३ साली जॉन बेंटलीने 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या आपल्या सदरात हाच प्रश्न मांडला, अर्थात इंग्रजी शब्दांसाठी. पहिला विचार येतो तो प्रत्येक शब्दाची अक्षरं सगळ्या प्रकारे फिरवून बघण्याचा. पण २२ अक्षरी शब्द असेल तर सेकंदाला अब्ज मांडण्या तपासूनही ३५ हजार वर्षं लागतील. चहा थंड होईल!

बेंटलीने दिलेली युक्ती अशी : प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावा, तीच त्याची किल्ली. रकम, मकर, कमर तिघांचीही किल्ली निघते 'कमर'. मग अख्खी यादी किल्लीप्रमाणे लावली की भावंडं आपोआप शेजारी येतात. टॉम कार्गिल हे हातवारे करून सांगायचा, आधी आडवा हात, मग उभा. आजही मुलाखतीत हमखास विचारतात, आणि पायथॉनमध्ये किल्ली एका ओळीत निघते :

```
key = ''.join(sorted(word))
```

आता हीच ओळ मराठी यादीवर चालवा. 'नवरा' आणि 'वानर' एकाच गटात! (बायको म्हणेल, यात चूक काय?) दोघांची किल्ली 'नरवा'. पण आपल्या लेखी एकात 'रा' आहे, दुसऱ्यात 'वा'.

याचं मूळ आहे १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीत. तिने व्यंजन आणि काना-मात्रा वेगवेगळे साठवायचं ठरवलं, आणि १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीसाठी तीच मांडणी उचलली. टायपिंगला, शोधायला ती सोयीची आहे, त्यामुळे इस्कीला दोष देण्यात अर्थ नाही. पण आमचं सावेडी आपण तीन अक्षरांत म्हणतो आणि संगणक मोजतो सहा.

तेव्हा आधी शब्द अक्षरांत तोडायचा, मग क्रम लावायचा. पायथॉनचं `regex` मॉड्यूल वापरा :

```
key = ''.join(sorted(regex.findall(r'\X', word)))
```

आता नवऱ्याची किल्ली 'नराव', वानराची 'नरवा'. सुटले बिचारे.

जोडाक्षरांचं मात्र जपून. युनिकोडच्या जुन्या नियमात 'पुस्तक'चे तुकडे पु, स्, त, क असे चार पडायचे. 'स्त' एकत्र ठेवायचा नियम आला थेट २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत. तुमचं मॉड्यूल कुठला नियम पाळतं ते 'पुस्तक' टाकून मोजा. चार आले तर हलन्त तुकडा पुढच्याला स्वतःच जोडा, आणि हे क्रम लावण्यापूर्वी करा. नंतर तो 'स्' नेमका कोणाचा होता, हे किल्लीवरून कळत नाही.