पदवी दिली कुणी, कधी, आणि साक्षीदार कोण?

सात रस्त्यावरून कधी चक्कर मारली तर फ्लेक्सवर किती बिरुदं दिसतात बघा. कुणी कविरत्न, कुणी शाहीरसम्राट. कुणी दिली, कधी दिली, विचारायची सोय नाही. हजार वर्षांपूर्वीही राजे कवींना पदव्या द्यायचेच. फरक एवढाच की त्यातल्या काहींची तारीख आणि साक्षीदार आजही काढता येतात. तेही आपल्याच टापूत.

आधी यादी.

१) पंप. आश्रयदाता वेमुलवाड्याचा चालुक्य राजा दुसरा अरिकेसरी. पदवी 'कवितागुणार्णव', सोबत धर्मपूर हे अग्रहार गाव. काळ इ.स. ९४१ च्या आसपास.
२) रन्न. आश्रयदाता कल्याणीचा चालुक्य राजा तैलप. पदवी 'कविचक्रवर्ती'. तैलपाची कारकीर्द ९७३ ते ९९७, म्हणजे पदवी त्याच्या आतली.
३) बिल्हण. आश्रयदाता कल्याणीचाच सहावा विक्रमादित्य. पदवी 'विद्यापती', सोबत हत्ती आणि निळं छत्र. काळ १०७६ ते १०८९ च्या दरम्यान.

आता पुरावा बघू. पंपानं गाव मिळाल्याचं स्वतःच्याच काव्यात लिहिलंय. पण स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं कुणी का मानावं? इथं दुसरा साक्षीदार आहे. ज्या तेलंगणातून आपल्या पूर्वभागातली कितीतरी विणकर कुटुंबं आली, तिथंच करीमनगर भागात कुरिक्याल गावाजवळच्या टेकडीवर एक शिलालेख आहे. संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांतला. तो कोरून घेतला पंपाच्या धाकट्या भावानं, जिनवल्लभानं. त्यात पदवीही आहे आणि गावही. गंमत म्हणजे 'गुणार्णव' हे खुद्द अरिकेसरीचं बिरुद. म्हणजे राजानं आपल्याच बिरुदाचा तुकडा कवीला तोडून दिला. आता साक्षीदार भाऊ आहे, हे खरं. पण काव्यातली गोष्ट दगडावरही सापडते, हे थोडंथोडकं नाही.

बिल्हणाची गोष्ट याहून रंगतदार. हा काश्मीरचा पंडित. मथुरा, कनौज, काशी, सोमनाथ, रामेश्वर असा देश तुडवत शेवटी तो कल्याणीला आला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. हैदराबाद रोडनं उमरग्याच्या पुढं गेलं की फाटा लागतो. सोलापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. विक्रमादित्यानं त्याला 'विद्यापती' केलं आणि त्यानं राजावर अठरा सर्गांचं 'विक्रमांकदेवचरित' लिहिलं. शेवटच्या सर्गात स्वतःची सगळी हकिकत दिली, मानसन्मानासकट. तारीख मात्र नाही दिली.

मग तारीख काढायची कशी? विक्रमादित्य गादीवर आला १०७६ साली, त्याआधी पदवी शक्य नाही. त्याच सर्गात काश्मीरचा हर्ष येतो, पण राजा म्हणून नव्हे, राजपुत्र म्हणून. हर्ष राजा झाला १०८९ मध्ये. म्हणजे काव्य त्याआधीचं आणि पदवी त्याच्याही आधीची. दोन्ही टोकं पक्की झाली.

इथंही साक्षीदार आहे, आणि तो नात्यातला नाही. कल्हणानं ११४८ ते ११५० मध्ये काश्मीरमध्ये 'राजतरंगिणी' लिहिली. कर्नाटच्या पर्माडी राजानं बिल्हणाला विद्यापती केलं, तो हत्तीवरून फिरायचा आणि राजासमोरही त्याचं छत्र उभं असायचं, असं त्यात आहे. पर्माडी हे विक्रमादित्याचंच दुसरं नाव. कल्हणाला चालुक्यांची भाटगिरी करायची काहीच गरज नव्हती, म्हणून त्याच्या शब्दाला वजन.

हे काव्यही हरवल्यातच जमा होतं. १८७४ साली ब्यूलर आणि याकोबी या जर्मन पंडितांना जैसलमेरच्या जैन भांडारात त्याची ताडपत्री पोथी मिळाली. दोघांनी बसून ती उतरवून घेतली आणि पुढच्याच वर्षी मुंबईहून ग्रंथ छापला गेला.

पण एक सावधगिरी हवी. पदवी खरी ठरली म्हणून काव्यातलं सगळंच खरं ठरत नाही. विक्रमादित्यानं थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला, हटवून गादी घेतली. बिल्हण सांगतो, भाऊच दुष्ट होता आणि विक्रमाचा नाइलाज झाला. हत्ती, छत्र आणि पदवी देणाऱ्याविरुद्ध कवी दुसरं काय लिहिणार? सोमेश्वराच्या बाजूनं बोलणारा कवी काही आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

म्हणून बिरुद वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय ठेवा. दिलं कुणी? कधी? आणि घेणाऱ्याशिवाय दुसरं कुणी सांगतंय का? रन्नाच्या पदवीबाबत आपण मुख्यतः त्याच्याच शब्दावर आहोत, म्हणून यादीत तो पंप आणि बिल्हणापेक्षा एक पायरी खाली धरायचा. कवी म्हणून नव्हे हं, पुरावा म्हणून.

आणि फ्लेक्सवरच्यांना कुठली पायरी द्यायची, ते तुम्हीच ठरवा.