इन्स्टाग्राम बायो: पाच सेकंदांत वाचणाऱ्याच्या लक्षात नेमकं काय राहिलं पाहिजे?

माझ्या मावसभावाचं रहिमतपूरला मोटर भरायचं दुकान आहे. भरायचं म्हणजे रिवाइंडिंग: जळालेली तांब्याची तार काढून नवीन वेढे घालायचे. आजूबाजूला ऊस आणि आलं, त्यामुळे विहिरी-बोअरवरच्या मोटरी जळतच असतात. तरी इन्स्टाग्रामवरून त्याला एक फोन येत नव्हता. रील्सना व्ह्यूज मात्र बरे होते. म्हणजे लोक प्रोफाइलपर्यंत येऊन परत जात होते. त्याचा बायो असा होता:

🦁 सातारकर | शिवभक्त | आयटीआय वायरमन | 2014 पासून सेवेत | सर्व प्रकारच्या मोटर दुरुस्ती | ग्राहकांचं समाधान हेच ध्येय

एकही ओळ खोटी नाही. पण मी एक साधी टेस्ट केली. युजेबिलिटीच्या कामात तिला 'फाइव्ह सेकंद टेस्ट' म्हणतात. ज्याला दुकान माहीत नाही अशा माणसाला प्रोफाइल पाच सेकंद दाखवायचं, मोबाइल पालथा ठेवायचा आणि विचारायचं, "काय आठवतंय?" "हा माणूस काय करतो" असं विचारू नका, कारण त्या प्रश्नात अर्धं उत्तर आलंच. ऑफिसमधल्या तिघांना दाखवलं. दोघांना सिंह आठवला, एकाला सातारा. मोटर कोणालाच नाही.

मग आम्ही बायो बाजूला ठेवला आणि आधी वाचणारा ठरवला: पाळीचं पाणी सुरू असताना ज्याची मोटर जळालीये असा शेतकरी, किंवा त्याचा मोबाइल हाताळणारा मुलगा. त्याच्या डोक्यात एकच वाक्य राहायला हवं: "जळालेली मोटर रहिमतपुरात भरून मिळते." हे वाक्य कागदावर लिहिलं आणि जुन्या बायोतल्या प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारला: हे काढलं तर त्या माणसाचं पुढचं पाऊल बदलेल का?

'ग्राहकांचं समाधान' लगेच गेलं, कारण ते कुठल्याही दुकानावर चालतं. आयटीआय आणि 2014 यांनी विश्वास बसतो हे खरं, पण तो फोन लावताना किंवा दुकानात आल्यावर कामाला येतो, म्हणून ते हायलाइट्समध्ये टाकलं. 'शिवभक्त'वर गाडी अडली. "दादा, ते नाही काढायचं." मी वाद घातला नाही. दुकानातल्या महाराजांच्या फोटोची पोस्ट प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन केली. ओळख तिथे जास्त ठसठशीत दिसते आणि बायोतली जागाही मोकळी झाली.

पहिला कापलेला बायो होता 'मोटर दुरुस्ती, रहिमतपूर'. फोन सुरू झाले, पण निम्मे टू-व्हीलरवाले! आपल्याकडे मोटर म्हणजे गाडीसुद्धा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे नको ते कापताना हवा तो शब्दही उडाला होता. आताचा बायो असा आहे:

पाण्यातली मोटर जळली? रहिमतपुरात भरून मिळेल.
मोनोब्लॉकही. बुधवारी बंद.

'बुधवारी बंद' लक्षात राहण्यासारखं नाही, तरी ठेवलं. कोणी पंधरा किलोमीटरवरून मोटर गाडीत टाकून आला आणि दुकान बंद दिसलं, तर तो पुन्हा येत नाही. फोन नंबर आणि पत्ता बायोत नाहीत. प्रोफेशनल अकाउंट केलं की कॉल आणि पत्त्याची बटणं वेगळी मिळतात, ती वापरली.

नावाच्या रकान्यात त्याचं नाव होतं, तिथे 'मोटर रिवाइंडिंग रहिमतपूर' लिहिलं. सर्चमध्ये हा रकाना आणि युजरनेम दोन्ही बघितले जातात. मात्र हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, त्यामुळे प्रयोग आधी कागदावर करा.

जागेबद्दल एक गोष्ट. इन्स्टाग्रामच्या बायोला 150 कॅरेक्टर मिळतात, पण मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. 'रहिमतपूर' डोळ्याला सहा अक्षरी दिसतं, पण पायथॉन म्हणतं:

```
>>> len("रहिमतपूर")
8
```

'क्षेत्र' तर दोन अक्षरांचं दिसून सात कॅरेक्टर खातं. आमचा नवा बायो 69 मध्ये बसला. उरलेली जागा भरायचा मोह होतो, पण ओळी जास्त झाल्या की इन्स्टाग्राम खालचा मजकूर दुमडून ठेवतं आणि घाईतला माणूस तो उघडत नाही.

नवा बायो परत दुसऱ्या तिघांना दाखवला (जुने तिघे चालत नाहीत, त्यांना उत्तर माहीत झालेलं असतं). तिघांनाही 'पाण्यातली मोटर' आठवली, दोघांना गावही. बुधवार कोणालाच नाही.

अडचण येते ती दोन धंदे एकाच अकाउंटवर असले की. भाऊ आता घरगुती वायरिंगची कामंही घेतो आणि ती ओळ त्याला बायोत हवी होती. टाकून बघितली. टेस्टमध्ये 'इलेक्ट्रिकची कामं करतो' एवढंच उत्तर आलं, मोटर पुन्हा गायब. वायरिंगसाठी त्याने वेगळं अकाउंट काढलंय.