गंधाचें वर्णन आणि पंढरीचा बुक्का

मागें एका तरुण स्नेह्यानें आषाढी वारीवर लिहिलेला निबंध आम्हांस वाचावयास दिला. पाऊस, टाळांचा गजर, पायांचे फोड हें सर्व त्यांत डोळ्यांपुढें उभें राहत होतें. परंतु लेखक महाद्वारांतून आंत शिरला आणि त्याची लेखणी एकाएकीं दरिद्री झाली. "देवळांत बुक्क्याचा गोड, उग्र व आल्हाददायक सुवास दरवळत होता," एवढ्यावर त्यानें काम भागविलें. हें वाक्य अत्तराच्या दुकानासही लागू पडेल आणि लग्नाच्या मांडवासही. ज्या गांवीं बुक्का, कुंकू आणि उदबत्ती करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या गांवाच्या वर्णनांत असें व्हावें याचें आम्हांस नवल वाटलें. हा दोष एकट्या लेखकाचा कीं आपल्या परंपरेचा, हें पाहण्यासाठीं आम्ही जुने ग्रंथ काढून बसलों.

प्रथम शास्त्रकारांनींच निराशा केली. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पूर्वी पाठशाळेंतील प्रत्येक मुलास पाठ असे. त्यांत रंगाचे प्रकार सात, रसाचे सहा आणि गंधाचे अवघे दोन : सुरभि व असुरभि. गंध हा पृथ्वीचा गुण आहे, एवढें सिद्ध झालें कीं नैयायिकाचें काम झालें; त्यास वर्णन करावयाचें नव्हतेंच. पण आमच्या स्नेह्याचें वाक्यही या दोन खणांपलीकडे गेलेलें नाहीं.

त्याहून कितीतरी जुन्या महाभारतांत मात्र निराळाच थाट आहे. शांतिपर्वांतील भृगु-भरद्वाज संवादांत गंधाचे नऊ प्रकार दिले आहेत : इष्ट, अनिष्ट, मधुर, कटु, निर्हारी, संहत, स्निग्ध, रूक्ष आणि विशद. पहिले दोन आपल्या आवडीनिवडीचे, म्हणून लेखकास फारसे उपयोगी नाहींत. पुढचे दोन जिभेकडून उसने घेतले आहेत. खरी मौज त्यांच्यापुढें आहे. निर्हारी म्हणजे दूरवर जाऊन पोहोंचणारा. संहत म्हणजे अनेकांचा मिळून एक झालेला. स्निग्ध आणि रूक्ष हे तर हाताच्या बोटांचे शब्द. आणि विशद म्हणजे निवळ. येथें गंध चांगला कीं वाईट हा प्रश्नच मागें पडला आणि तो किती लांब जातो, अंगास कसा लागतो, एकटा आहे कीं गर्दींत आहे, असे प्रश्न पुढें आले.

इंद्रियांची ही उसनवारी मराठीस परकी नाहीं. 1290 सालच्या 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायांत ज्ञानदेव आपल्या भाषेचें कौतुक करतांना सांगतात कीं, शब्द हा वास्तविक कानाचा विषय. पण तो ऐकून जीभ म्हणूं लागते कीं हा रस आमचा, आणि नाकास तोच परिमळ वाटूं लागतो. इंद्रियांत असें भांडण लावून देणें हीच गंधवर्णनाची पहिली युक्ति होय.

दुसरी युक्ति आम्हांस गंध तयार करणाऱ्यांच्या ग्रंथांत सांपडली. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं 1945 सालीं गंगाधराचा 'गंधसार' आणि 'गंधवाद' या दोन दुर्मिळ ग्रंथांची ओळख विद्वानांस करून दिली. 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे, आणि गोड्यांच्या मतें ती इ. स. 1350 ते 1550 च्या दरम्यानची असावी. अत्तरें-चूर्णें करण्याची विद्या त्या काळीं मराठींत समजावून दिली जात होती, ही गोष्ट आजच्या वाचकास ठाऊक नसते. 'गंधसारां'त सुगंधी द्रव्यांवर करावयाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. अर्थात् भिजविणें, शिजविणें, जागें करणें, भेदणें, धुरी देणें आणि वास मुरविणें. या यादींत एकही विशेषण नाहीं. गंध हा वस्तूला चिकटलेला गुण असतो, असें आपण समजतों. या कारागिरांच्या दृष्टीनें ती एक घडणारी गोष्ट होती.

आतां बुक्का हातांत घेऊन पाहूं. घरोघरचें प्रमाण वेगळें, तरी नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन, दवणा हीं द्रव्यें त्यांत सामान्यतः येतात. यांतील पहिलीं तीन जमिनीखालचीं : मुळें आणि कंद. चंदन हें लाकूड, दवणा हा पाला. फुलाचें येथें कांहीं चालत नाहीं. म्हणून 'गोड' हा शब्द येथें नुसता अपुराच नव्हे, चुकीचाही आहे. बुक्का रूक्ष आहे. चिमटींत घेतला तर त्याचा वास कोरड्या लाकडाचा आणि उकरलेल्या मातीचा येतो, तोही जवळ नेल्यावर. पण वारकरी घामेजल्या कपाळास तो लावतो तेव्हां अंगाच्या उबेनें त्यांतला वाळा जागा होतो. ग्रंथांतला 'बोध' बहुधा अशाच कांहीं अनुभवावरून आला असावा, असा आमचा तर्क.

मंडपांत तो एकटा राहत नाहीं. चंद्रभागेंत भिजलेलीं धोतरें, पायांखालीं चुरडलेली तुळस, समईचें तेल, हजारों माणसांचा श्वास यांत तो संहत होतो. आणि तेथें थोडा वेळ उभें राहिलें कीं नाक थकतें, कांहींच कळेनासें होतें. तेव्हां गाभाऱ्याशीं पोहोंचून केलेलें गंधवर्णन बहुधा आठवणींतून रचलेलें असतें. गंध खरोखर कळतो तो उंबऱ्यावर, आंत शिरण्याच्या क्षणीं.

उंबऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. महाद्वाराशीं, नामदेवाच्या पायरीसमोर चोखोबांची समाधि आहे. ज्यांना या दारापलीकडे जाण्याची बंदी होती, त्यांच्यासाठीं हें दार 1947 च्या मे महिन्यांत साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलें. त्याआधींच्या पिढ्यांना देवळाचें जें कांहीं मिळे तें दाराबाहेर येणारें : घंटेचा नाद, कळसाचें दर्शन आणि धुराबरोबर येणारा गंध. भृगूचा 'निर्हारी' हा शब्द आम्हांस येथें प्रथम नीट कळला. तोच धूप आंतल्या पुजाऱ्यास कोंदट वाटला असेल आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसापर्यंत मात्र निवळून, विशद होऊन आला असेल. लेखकानें आपण कोठें उभे आहों हें सांगितल्यावांचून यांतलें कोणतें वर्णन खरें, तें ठरणार कसें?

उपमा शोधण्यासाठीं संस्कृतापर्यंत जाण्याची गरज आहे असेंही नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतलें खवट, करपट, आंबूस, कुबट, खमंग, खरपूस यांतील बहुतेक शब्द ऐकतांच त्या पदार्थाचें काय झालें तें कळतें : तेल जुनें झालें, भाकरी तव्यावर राहिली, पीठ उतूं गेलें, कपडा ओला ठेवला. घरांतल्या बायका हे शब्द दिवसांतून दहादां वापरतात; लेख लिहावयास बसलेला पुरुष मात्र 'सुवास' शोधीत बसतो.

स्नेह्यास बोलावून आम्ही हें सर्व सांगितलें आणि तें एक वाक्य पुन्हा लिहावयास लावलें. बराच वेळ खोडाखोड करून त्यानें लिहिलें : "पायरी ओलांडतांच पावसानें भिजलेल्या घोंगड्यांचा कुबट वास तोंडावर आला; त्यांतून वाट काढीत, नुकत्याच उकरलेल्या विहिरीच्या काठासारखा, कोरडा थंड बुक्का; आणि दहा पावलांनंतर दोन्ही नाहींसे झाले." विहिरीच्या काठाशीं 'कोरडा' बसत नाहीं, अशी आम्हीं शंका काढली. तो म्हणाला, "आमच्या माणदेशांत या, म्हणजे बसेल."