एका बँकेने पाडलेला बाजार

17 जानेवारी 2024 रोजी सेन्सेक्स 1,628 अंशांनी कोसळला आणि निफ्टी 460 अंशांनी. आकडे पाहून अख्खा बाजार गडगडल्यासारखे वाटले. त्या दिवशी इतर बरेच समभागही उतरले, पण घसरणीचा मोठा वाटा एकट्या एचडीएफसी बँकेचा होता. आदल्या संध्याकाळी आलेले तिमाही निकाल गुंतवणूकदारांना रुचले नाहीत आणि बँकेचा भाव साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडला. निफ्टीत या बँकेचा भार सुमारे 13 टक्के होता. साडेआठचे 13 टक्के म्हणजे साधारण 1.1 टक्का, आणि निफ्टीची एकूण घट होती 2.1 टक्के. म्हणजे उरलेल्या 49 कंपन्यांनी मिळून जेवढे ओढले, त्याहून अधिक या एकीने ओढले. पन्नास जणींना सारखाच, दोन-दोन टक्के भार दिला असता, तर तीच पडझड निर्देशांकात जेमतेम 0.17 टक्क्यांची भर घालू शकली असती.

हा भार द्यायचा कसा, याचीच ही कुळकथा.

1896 मध्ये डाऊ जोन्सने न्यूयॉर्कमध्ये बारा समभागांच्या भावांची बेरीज करून तिला बाराने भागले. कागद-पेन्सिलीच्या जमान्यात हे सोपे होते, पण त्यात एक खोट होती. ज्या समभागाचा भाव चढा, त्याचे वजन जास्त. कंपनी लहान की मोठी, याला काही महत्त्व नाही. 1923 मध्ये स्टँडर्ड स्टॅटिस्टिक्स या कंपनीने 233 कंपन्यांचा निर्देशांक काढला, तो वेगळ्या सूत्रावर. समभागाचा भाव गुणिले समभागांची संख्या, म्हणजे कंपनीचे बाजारमूल्य, आणि त्या प्रमाणात तिचा भार. यातूनच पुढे 1957 मध्ये एस अँड पी 500 आला. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर 1986 मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तोही याच वळणावर. प्रवर्तकांकडे अडकलेले समभाग प्रत्यक्षात विक्रीला येत नाहीत, म्हणून 1 सप्टेंबर 2003 पासून सेन्सेक्सने ते मोजणे सोडले आणि फक्त बाजारात फिरणाऱ्या समभागांचे मूल्य धरले.

समान भाराची शाखा कशी फुटली, हे जास्त बोलके आहे. जगातला पहिला इंडेक्स फंड समान भाराचाच होता. 1971 मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने सॅमसोनाइट या बॅगा बनवणाऱ्या कंपनीच्या निवृत्तिवेतन निधीतले 60 लाख डॉलर न्यूयॉर्क शेअर बाजारातील सुमारे दीड हजार समभागांत सारखे वाटले. तत्त्वाला धरून पाहिले तर हे न्याय्य होते. पण भाव रोज हलतात, आणि ते हलले की समानता मोडते. ती राखायची तर चढलेले विकायचे, पडलेले घ्यायचे, आणि तेही दीड हजार ठिकाणी. त्या काळची दलाली पाहता हा खर्च परवडेना. 1976 पर्यंत बँकेने ही पद्धत सोडून एस अँड पी 500चा मार्ग धरला. बाजारमूल्याच्या भारात हा त्रास नाही, कारण भाव वाढला की भारही आपोआप वाढतो. काही विकावे लागत नाही. ही पद्धत टिकली ती मोठ्यांविषयीच्या आदरामुळे नव्हे, तर तिची देखभाल स्वस्त म्हणून, असे ठामपणे म्हणता येते.

आज आपल्याकडे निफ्टी 50 इक्वल वेट आहे. तोही दर तिमाहीला सगळ्यांना पुन्हा दोन टक्क्यांवर आणतो. त्याचा जाच येस बँकेच्या वेळी दिसला. ऑगस्ट 2018 मध्ये 400 रुपयांच्या आसपास असलेला हा समभाग मार्च 2020 मध्ये निर्देशांकातून बाहेर पडेपर्यंत एकंदरीत घसरत गेला. बाजारमूल्याच्या निफ्टीत त्याचा भार आपोआप आटत होता. समान भाराच्या निर्देशांकात मात्र भाव पडला की पुढच्या तिमाही फेरजुळणीत तोच बुडता समभाग पुन्हा दोन टक्क्यांपर्यंत भरला जात होता. म्हणून समान भाराला सरसकट सुरक्षित समजणे चुकीचे आहे. त्याने एका राक्षसाचा धोका कमी होतो, पण आजारी कंपनीत पुनःपुन्हा पैसे टाकण्याचा धोका वाढतो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहण्यात मात्र खरा उपयोग आहे. निफ्टी वर गेला आणि समान भाराचा निफ्टी मागे राहिला, तर ओझे मोजक्या मोठ्यांनी वाहिले असे समजावे. समान भाराचा पुढे गेला, तर तेजी पसरलेली आहे.

तरी या समानतेलाही कुंपण आहे. पन्नास कंपन्यांची निवड मुख्यतः बाजारमूल्यावरच होते. सोलापूरच्या बालाजी अमाइन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या दोन्ही कंपन्यांची बाजारात नोंदणी आहे, पण पन्नासांत त्या नाहीत. त्यामुळे कोणताही निफ्टी घ्या, भार कसाही वाटा, या दोघींचा वाटा शून्यच राहतो. सोलापूरच्या कारखान्यांत वर्ष कसे गेले, हे जाणून घ्यायला त्यांचे स्वतःचे ताळेबंदच उघडावे लागतात.